करारावर नाव कुणाचं?

श्रोतेहो, नमस्कार.

नव्या इमारतीच्या फलकावर बिल्डरच्या समूहाचं नाव ठळक अक्षरांत असतं. करारनाम्यावर ‘प्रवर्तक’ म्हणून सही करते ती मात्र बऱ्याचदा वेगळीच कंपनी किंवा एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था, आणि ती त्या एकाच प्रकल्पासाठी उभी केलेली असते. धंद्यात तिला एसपीव्ही म्हणतात. अशी कंपनी काढण्यात बेकायदा काही नाही. जमीनमालकाला भागीदार करून घेणं सोपं जातं, कर्ज देणाऱ्यालाही एका प्रकल्पाचा हिशेब वेगळा हवा असतो. पण तुमचा करार तिच्याशी होतो, समूहाशी नाही. ताबा रखडला, राज्यातल्या बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेराने पैसे व्याजासह परत करण्याचा आदेश दिला आणि तो पाळला गेला नाही, तर वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. तिथे मालमत्ता शोधतात ती आदेशात नाव असलेल्या प्रवर्तकाची. समूहाचं शहरातलं चकाचक कार्यालय दुसऱ्या कंपनीच्या नावावर असेल, तर त्याला सहसा हात लावता येत नाही.

म्हणून तपासणीची सुरुवात नावापासून करू. समजा, पुण्यात ‘अबक ग्रुप’च्या एका प्रकल्पात तुम्ही घर बघताय. हे नाव मी उदाहरणापुरतं घेतलंय. जाहिरातीवर महारेराचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड असतो. तो क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकला की प्रवर्तकाचं नाव दिसतं : अबक रिव्हरसाइड प्रायव्हेट लिमिटेड. हे नाव अक्षरन् अक्षर लिहून घ्या. समूहात अबक रिअल्टी, अबक रिअल्टर्स, अबक रिअल्टी एलएलपी अशी एकमेकांसारखी नावं असतात आणि कायद्याने त्या सगळ्या वेगळ्या व्यक्ती आहेत. त्याच पानावर जमीनमालकही प्रवर्तक म्हणून नोंदलेला आहे का, हेही बघा. असेल तर जबाबदारीत तोही येतो.

आता बुकिंगची पावती घ्या. तिच्यावर पंधरा अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा म्हणजे पावती देणाऱ्याचा पॅन. त्या पॅनमधलं चौथं अक्षर C असेल तर कंपनी, F असेल तर भागीदारी फर्म किंवा एलएलपी, P असेल तर एकटी व्यक्ती. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की कायदेशीर नाव मोफत कळतं. ते अबक रिव्हरसाइड न येता दुसऱ्याच कंपनीचं आलं, तर तुमचा चेक भलत्या खात्यात चाललाय. कायद्याप्रमाणे खरेदीदारांच्या रकमेतले ७० टक्के फक्त त्या प्रकल्पाच्या जमिनीसाठी आणि बांधकामासाठी वेगळ्या खात्यात राहतात. ती रक्कम मुळातच दुसरीकडे गेली तर हे संरक्षणच उरत नाही. चेकवर लिहायचं नाव आणि खातं महारेराच्या नोंदीशी जुळतंय ना, हे पैसे देण्याआधी बघायचं. आणि नोंदणीकृत करारनामा होण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

नाव पक्कं झालं की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in या संकेतस्थळावर ‘मास्टर डेटा’ उघडा. कंपनीचा एकवीस अक्षरांचा क्रमांक स्वतःच बरंच सांगतो. U68100MH2021PTC आणि पुढे सहा अंक, असं असेल तर U म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेली, MH म्हणजे महाराष्ट्रात नोंदलेली, २०२१ साली स्थापन झालेली, PTC म्हणजे प्रायव्हेट कंपनी. माहितीपत्रकात ‘तीस वर्षांचा अनुभव’ लिहिलाय तो समूहाचा. सही करणारी कंपनी चार-पाच वर्षांची आहे.

भरणा झालेलं भांडवल एक लाख रुपये दिसलं की लोक दचकतात. एसपीव्हीत ते नेहमीचंच आहे, त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा दाखल झालाय, हे जास्त महत्त्वाचं. मार्चअखेरच्या वर्षाची सर्वसाधारण सभा सप्टेंबरपर्यंत आणि त्यानंतर तीस दिवसांत ताळेबंद दाखल, असा क्रम असतो. दोन-दोन वर्षांचे ताळेबंद नसतील तर कारण विचारलंच पाहिजे. स्थितीच्या रकान्यात ‘ॲक्टिव्ह’ दिसलं तर त्याचा अर्थ कंपनी नोंदवहीत आहे इतकाच, ती धडधाकट आहे असा नव्हे.

त्याच ठिकाणी बोजांची यादी असते, आणि तिथे घाई करू नये. कुणाचं कर्ज, कधी घेतलं, किती रकमेचं, फिटलं का, हे सगळं रकान्यांत दिसतं. समजा अबक रिव्हरसाइडवर दीडशे कोटींचा बोजा आहे आणि महारेराकडे प्रकल्पाचा अंदाजित खर्चच नव्वद कोटी दाखवलाय. मग हे कर्ज या इमारतीसाठीच असण्याची शक्यता कमी. समूहातल्या दुसऱ्या कंपनीने कर्ज घेतलंय आणि ही जमीन तारण दिलीय, असं होऊ शकतं. शुल्क भरून ‘पब्लिक डॉक्युमेंट्स’मध्ये CHG-1 हा फॉर्म उघडला की कर्जदार कोण आणि तारण काय, हे वाचता येतं. बोजा आहे म्हणून घर सोडायची गरज नाही. बऱ्याच प्रकल्पांवर तो असतो. पण तुमच्या फ्लॅटचा क्रमांक लिहिलेलं ना-हरकत पत्र त्या कर्जदात्याकडून हवं. ‘आमच्या यादीतल्या बँकेने तुम्हाला कर्ज मंजूर केलंय ना’ हे त्याला उत्तर होत नाही.

तिथेच ताळेबंदही मिळतो. त्यात संबंधित कंपन्यांबरोबरच्या व्यवहारांची टीप शोधा. समूहाने या कंपनीला पैसे दिलेत असं दिसलं तर ठीक, एसपीव्ही तशीच चालते. उलट या कंपनीने समूहातल्या इतरांना मोठ्या रकमा दिल्यात आणि बांधकाम तिसऱ्या मजल्यावर अडकलंय, असं चित्र असेल तर पैसा कुठल्या दिशेने वाहतोय ते उघड आहे. भागधारक कोण, हे मास्टर डेटात येत नाही. त्यासाठी MGT-7 हे वार्षिक विवरण बघावं लागतं. समूहाच्या मुख्य कंपनीचा त्यात अजिबात हिस्सा नसेल, तर ती मोबदला घेऊन फक्त नाव वापरू देतेय, असंही असू शकतं. एलएलपी असेल तर फॉर्म ८ आणि फॉर्म ११ बघायचे. साधी भागीदारी फर्म या संकेतस्थळावर सापडणारच नाही. तिची नोंद फर्म्सच्या निबंधकांकडे असते.

एक काम वकिलाबरोबर करायचं. फलकावरच्या मुख्य कंपनीला करारनाम्यात मान्यता देणारा पक्ष म्हणून सही करायला सांगा. बरेच बिल्डर नाही म्हणतील. मग ज्या नावावर विसंबून तुम्ही पैसे देताय त्याची लेखी हमी कोण देणार, हे विचारा. शिवाय करारानंतर प्रवर्तकाने प्रकल्पातले बहुसंख्य हक्क दुसऱ्याला द्यायचे ठरवले, तर त्याला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती आणि महारेराची आधी मंजुरी लागते. संचालक बदलणं किंवा कंपनीचे शेअर विकणं मात्र वरवर हक्क दुसऱ्याला देण्यासारखं दिसत नाही. म्हणून ताबा मिळेपर्यंत दर सहा महिन्यांनी मास्टर डेटातली संचालकांची नावं आणि बोजांची यादी पुन्हा काढा आणि तारीख घालून छापील प्रत करारनाम्याच्या फायलीत लावून ठेवा.