बँक म्हणते, "वहिनींचीही सही लागेल": पर्सनल गॅरंटी आणि घर

नमस्कार. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, बँकेने संचालकाकडे पर्सनल गॅरंटी मागितली, आता घराचं काय होईल? बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांकडून हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, म्हणून आज त्यावरच बोलू.

सोपं ते आधी उरकतो. 'लिमिटेड'मुळे कंपनीचं कर्ज एरवी तुमच्या घरापर्यंत येत नाही. गॅरंटीवर सही केलीत की ते संरक्षण तेवढ्या कर्जापुरतं संपलं. "बँक आधी कंपनीकडून वसूल करेल ना?" असं कमेंटमध्ये बरेच जण विचारतात. तसं बंधन बँकेवर नाही. करार कायद्याचं कलम १२८ म्हणतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, आणि बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागलंच पाहिजे असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्येच सांगितलंय.

आता एक हिशेब मांडू, उदाहरण म्हणून. दोन संचालक, गॅरंटी दोघांचीही, एकाकडे ७० टक्के शेअर, दुसऱ्याकडे ३०. कॅश क्रेडिट ६० लाखांचं. कंपनी बंद पडली तेव्हा बाकी ५२ लाख, माल आणि मशीन विकून १७ लाख आले. उरले ३५ लाख, वर व्याज. ३० टक्केवाल्याला वाटतं, आपल्या वाट्याला साडेदहा लाख येतील. पण करारात 'संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे' असे शब्द असतात, त्यामुळे बँक पूर्ण ३५ लाख त्याच्या एकट्याकडे मागू शकते. त्याने भरले तर सहजामीनदाराकडून निम्मे मागायचा हक्क त्याला आहे, पण ते भांडण त्याने स्वतः लढायचं.

या ३० टक्केवाल्याचा मांजलपूरमध्ये फ्लॅट आहे, नवरा-बायको दोघांच्या नावावर, निम्मा-निम्मा. फ्लॅट गहाण दिलेला नसेल, नुसती गॅरंटी असेल, तर गहाण मालमत्ता कोर्टात न जाता विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन बँक तो ताब्यात घेऊ शकत नाही. तिला अहमदाबादच्या डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जाऊन वसुलीचा दाखला मिळवावा लागतो, मग जप्ती. जप्तीही फक्त त्याच्या अर्ध्या हिश्शावर येते. आणि ज्या घरात दुसऱ्या हिश्शाची मालकीण राहते, त्या घराचा अर्धा हिस्सा विकत घ्यायला गिऱ्हाईक सहसा येत नाही.

म्हणूनच बँकेचा माणूस म्हणतो, "वहिनींचीही सही घ्या, फॉर्मॅलिटी आहे." ही फॉर्मॅलिटी नाही, आणि ती तशी सांगितली जाते याचा मला खरोखर राग येतो. त्या एका सहीने अर्ध्या घराचं पूर्ण घर होतं. घर बाजूला ठेवा, वहिनींच्या स्वतःच्या पैशाकडे बघा. त्यांची एफडी आणि स्त्रीधनाचं सोनं नवऱ्याच्या गॅरंटीत येत नाही. त्यांनी सही केली की तेही वसुलीच्या कक्षेत येतं. आणि तिसरं म्हणजे, ज्या कंपनीत त्यांचा एक शेअर नाही, तिच्या कर्जाची नोंद त्यांच्या क्रेडिट रिपोर्टवर येते.

तेव्हा मॅनेजरला विचारा, हे कर्ज सीजीटीएमएसईच्या, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कर्जासाठी बँकेला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टच्या, हमीखाली बसतं का? १ एप्रिल २०२५ पासून त्याची मर्यादा १० कोटी आहे. त्या योजनेत प्रवर्तक संचालकाची गॅरंटी चालते, पण संचालक नसलेल्या पत्नीची गॅरंटी तिऱ्हाइताची धरली जाते, आणि हे कर्ज तिऱ्हाइताच्या जामिनाशिवायच द्यायचं असतं. मात्र ही हमी बँकेसाठी आहे, तुमची जबाबदारी त्याने माफ होत नाही. बँकेकडे दुसरी मागणी करा, "गॅरंटीला रकमेची कमाल मर्यादा लिहून द्या." कलम १२८ तशी मुभा देतं. बँक लगेच हो म्हणेलच असं नाही, पण सहीनंतर विचारायला जागाच उरत नाही.

"पीपीएफचं काय?" दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पीपीएफवर जप्ती येत नाही, आणि स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र यांवरही नाही. राहत्या घराला मात्र आपल्याकडे अशी सरसकट सूट नाही. तुमच्या एकट्याच्या नावाची एफडी त्याच बँकेत असेल तर ती सर्वांत आधी वळती होते, म्हणून घरखर्चाची गंगाजळी दुसऱ्या बँकेत ठेवा. आणि हप्ते थकल्यावर घर बायकोच्या नावावर बक्षीसपत्राने करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ज्यांचं देणं आहे त्यांना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर कोर्ट रद्द करू शकतं.

शेवटचा प्रश्न, राजीनाम्याचा. राजीनामा कंपनीला मिळाला, किंवा त्यात पुढची तारीख असेल तर ती आली, की संचालकपद जातं आणि डीआयआर-१२ भरून कंपनी निबंधकाकडे, म्हणजे आरओसीत, त्याची नोंद होते, पण गॅरंटी तशीच राहते. गॅरंटी पुढच्या उचलीसाठी थांबवायची असेल तर करारातली अट वाचून कलम १३० खाली बँकेला लेखी नोटीस द्या, पोच घ्या, आणि त्या दिवसाची खात्याची बाकी लिहून मागा. त्या तारखेपर्यंतच्या बाकीतून सुटायचं असेल तर बँकेचं गॅरंटीमुक्तीचं पत्र हवं, आणि त्यावर तुमचं नाव आणि कर्ज खात्याचा क्रमांक दोन्ही असले पाहिजेत.