अरबी अनेकवचनातला नून नेमका कधी गळतो?

नमस्कार! आज अरबीतलं एकच अक्षर घेऊन बसूया, नून.

मुदर्रिस म्हणजे शिक्षक. अनेक शिक्षक आले तर मुदर्रिसून. मूळ शब्द शाबूत राहिला आणि पुढे 'ऊन' लागलं. म्हणूनच या अनेकवचनाला अरबीत 'सालिम' म्हणतात. शिक्षक कर्ता असतील तर 'ऊन'. मी शिक्षकांना पाहिलं म्हणायचं असेल तर रऐतु मुदर्रिसीन. शिक्षकांकडून म्हणायचं तरी मिन मुदर्रिसीन. म्हणजे कर्त्याला 'ऊन', कर्माला आणि 'मिन'सारख्या शब्दांनंतर 'ईन'.

शिक्षिकांचं तसंच. कर्ता असेल तर मुदर्रिसातुन, नाहीतर मुदर्रिसातिन. इथे बरेच जण घसरतात. एकवचनात कर्माला 'अन' लागतो, म्हणून ते 'मुदर्रिसातन' म्हणतात. हे रूप चूक. सालिम स्त्रीलिंगी अनेकवचनाला कर्म असतानाही 'इन'च लागतो.

आता शाळेचे शिक्षक. मराठीत 'शाळा'ची शाळे होते, 'शिक्षक' तसाच राहतो. अरबीत मात्र ज्याच्यावर मालकी सांगायची तो शब्दही बदलतो, त्याचा नून गळतो. मुदर्रिसून आणि अल-मद्रसा, म्हणजे शाळा, जोडून मुदर्रिसू-ल-मद्रसति. शाळेच्या शिक्षकांना पाहिलं, तर रऐतु मुदर्रिसी-ल-मद्रसति.

हे मोठ्याने म्हणून बघा. पुढे 'ल' आला की 'सू' आखूड होतो, आणि 'शाळेचा शिक्षक' व 'शाळेचे शिक्षक' कानाला सारखेच लागतात. फरक कागदावर कळतो, अनेकवचनात 'ऊ'साठीचं वाव हे अक्षर दिसतं. त्या वावनंतर अलिफ हे अक्षर मात्र लिहायचा नाही. कतबू, म्हणजे 'त्यांनी लिहिलं', अशा क्रियापदांत तो लिहितात, त्या सवयीने तो इथे शिरतो. वह्या तपासताना मला हीच चूक सगळ्यात जास्त सापडते.

शिक्षिकांच्या शब्दात नून कुठे गेला? तिथे तो अक्षर म्हणून नव्हताच. 'तुन'मधला न हा तनवीनचा, म्हणजे अक्षर न लिहिता फक्त खुणेने दाखवलेल्या शेवटच्या न-काराचा उच्चार. मालकी आली की तनवीन जाते, मुदर्रिसातु-ल-मद्रसति उरतं.

मालकी नाही, नुसता 'अल', म्हणजे ठराविक वस्तू दाखवणारा उपसर्ग, लागला तर? अल-मुदर्रिसातु, तनवीन गेली. पण अल-मुदर्रिसून, नून जागेवरच. पुल्लिंगी नून फक्त मालकीपुढे गळतो, 'अल'पुढे नाही.

शेवटी एक फसवा शब्द. मसाकीन म्हणजे गरीब लोक. दिसायला 'ईन', पण एकवचन मिस्कीन, म्हणजे नून शब्दाच्या मुळातलाच. तो गळणार नाही. शहरातले गरीब म्हणजे मसाकीनु-ल-मदीनति. म्हणून नून काढण्याआधी एकवचन म्हणून बघा. शेवटचा नून एकवचनातलाच असला, तर त्याला हात लावू नका.