बडोद्याला न आलेली रेघ

(बडोद्यातल्या मराठी शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, दांडी म्हटलं की आपल्या बडोद्याच्या पोराला आधी दांडियाबाजार आठवतो आणि मग वर्गाला मारायची दांडी. मिठाची दांडी तिसऱ्या नंबरावर. ती पहिल्या नंबरावर यावी म्हणून मी बरीच वर्षं दांडीयात्रेवर चाळीस मिनिटं तळमळून बोलत असे. एकदा तास संपल्यावर मुलांना गुजरातचा कोरा नकाशा दिला आणि म्हटलं, मार्ग काढा. बहुतेकांनी अहमदाबाद, आणंद, बडोदा, भरूच, सुरत अशी सरळ रेघ ओढली. म्हणजे मुलांनी गांधीजींना रेल्वेच्या रुळांवरून चालवलं!

चूक त्यांची नव्हती. मी बोललो होतो ते प्रसंगांबद्दल, जागांबद्दल नाही. शिवाय मी दिलेल्या नकाशावर रेल्वेमार्ग छापलेला होता. यात्रा बडोदा शहरात आलीच नाही. आणंदहून ती नैऋत्येला बोरसदकडे वळली, खंबातच्या आखाताजवळ मही ओलांडून जंबुसरला गेली आणि भरूचला पुन्हा त्या रुळांपाशी आली. या एका वळणावर सबंध नकाशापत्रिका, म्हणजे व्याख्यानातून काढलेला आणि मुलांनी भरायचा नकाशा, उभी करता येते, म्हणून आज तेवढंच सांगतो.

पहिलं काम कागद-पेन्सिलीचं. आपलं व्याख्यान जसं दिलं तसं लिहून काढायचं आणि ज्या वाक्यात ठिकाण आहे त्याखाली एक रेघ, तारीख आहे त्याखाली दुसरी रेघ मारायची. दोन्ही रेघा ज्या वाक्यांखाली आल्या तीच नकाशावर जातात. माझ्या चाळीस मिनिटांतून अशी जेमतेम अकरा वाक्यं निघाली. बाकी सगळं मिठाच्या करावर आणि व्हाइसरॉय आयर्विनला लिहिलेल्या पत्रावर होतं. ते वाईट नाही, पण त्याला नकाशावर जागा नाही. ते वहीत राहू द्या.

अकरा ठिकाणं अशी: साबरमती आश्रम, १२ मार्च १९३०. नडियाद, १५ मार्च. आणंद, १६ मार्च. बोरसद, १८. कंकापुरा, १९. महीपार कारेली, २०. जंबुसर, २२. भरूच, २६. सुरत, १ एप्रिल. नवसारी, ३ एप्रिल. दांडी, ५ एप्रिल. मुक्काम याहून बरेच होते, पण सगळे घातले तर नकाशाला गोवर आल्यासारखा दिसतो.

आता कागद. आश्रमापासून दांडीपर्यंतचं सरळ अंतर साधारण २४० किलोमीटर. ए-फोर कागदाची वापरता येणारी उंची धरा २४ सेंटिमीटर. म्हणजे एक सेंटिमीटरला दहा किलोमीटर हे प्रमाण आयतंच हाती येतं. मात्र प्रमाण नुसतं शब्दांत लिहू नका, मोजपट्टीही काढा. झेरॉक्सवाला कागद मावावा म्हणून नकाशा थोडा लहान करतो. पट्टी त्याच्याबरोबर लहान होते, शब्द होत नाहीत. त्यात मी एकदा चांगलाच आपटलोय.

छापायचं काय? किनारा आणि चार नद्या: साबरमती, मही, नर्मदा, तापी. नद्यांची नावं कोरी. रेल्वे नाही, आजचे महामार्ग नाहीत, आजच्या जिल्ह्यांच्या हद्दी नाहीत. गुजरात राज्य १ मे १९६० ला झालं. १९३० मध्ये मुलखाची वाटणी वेगळीच होती. मार्गाचा बहुतेक भाग खेडा, भरूच, सुरत अशा ब्रिटिश अमलाखालच्या जिल्ह्यांतला. बडोदा मात्र सयाजीराव महाराजांचं संस्थान, आणि नवसारीही त्यांचंच. तेव्हा बडोदा आणि नवसारीभोवती तिरप्या रेघांनी संस्थानचा मुलूख दाखवायचा आणि शेजारी 'ढोबळ' असं लिहायचं, कारण तो सलग नव्हता, तुकड्यातुकड्यांनी पसरलेला होता. राखाडी रंग भरू नका. झेरॉक्समध्ये त्याचा काळा ठिपकाच होतो.

रिकाम्या जागांचा माझा एकच नियम आहे. एकाच ठिपक्याचं नाव आणि तारीख दोन्ही कोरी ठेवायची नाहीत. नाव कोरं असेल तर तारीख छापा, तारीख कोरी असेल तर नाव छापा. दोन्ही कोरी ठेवली की मूल अंदाजपंचे लिहितं, आणि त्याला काय येत नव्हतं ते आपल्याला कळत नाही. अपवाद शेवटच्या ठिपक्याचा. तिथे 'दांडी' छापून तारखांच्या दोन रेघा द्या: पोहोचले कधी आणि मीठ उचललं कधी. पहिली ५ एप्रिल, दुसरी ६ एप्रिल. बहुतेक मुलं दोन्हीकडे ६ लिहितात. लिहायच्या ओळी समुद्राच्या बाजूला ओढा, तिथे जागा मोकळी असते. आणि ओळीला चांगली सेंटिमीटरभर उंची ठेवा, नाहीतर वेलांटी वरच्या ओळीत घुसते.

कंकापुरा आणि कारेली महीच्या दोन तीरांवर. या प्रमाणात ते दोन ठिपके एकमेकांना चिकटतात, आणि नेमकी तीच जागा सगळ्यात रंगतदार. १९ मार्चच्या रात्री होडीतून नदी पार केली आणि मग अंधारात चिखल तुडवला. म्हणून कोपऱ्यात एक चौकट घेऊन तेवढा भाग पाचपट मोठा काढायचा: एक सेंटिमीटरला दोन किलोमीटर. चालण्याची रेघ सलग, होडीची तुटक. नदी कुठे आणि कशी ओलांडली हे मुलांना मग विचारावं लागत नाही.

आणखी एक खोड मोडायची आहे. चळवळीतली प्रत्येक तारीख मार्गाची नसते. रास या गावी वल्लभभाईंना ७ मार्चला अटक झाली, यात्रा निघण्याच्या पाच दिवस आधी; यात्रा रासला पोहोचली ती १९ मार्चला. धारासणाचा सत्याग्रह २१ मेचा, म्हणजे गांधीजींच्या अटकेनंतरचा. या दोन घटनांना ठिपका न देता त्रिकोण द्या, आणि रेघ धारासणापर्यंत ओढू देऊ नका. माझ्या एका विद्यार्थ्याने दांडीहून धारासणाला बाण काढून गांधीजींना तिथे नेलं होतं. ते तेव्हा तुरुंगात होते.

मग दोऱ्याचं काम. मुलांनी मार्गावर दोरा ठेवून लांबी मोजायची. माझ्या नकाशावर ती साधारण २८ सेंटिमीटर भरते, म्हणजे २८० किलोमीटर. पुस्तकात मात्र ३८५ च्या आसपास लिहिलेलं असतं. पोरं लगेच म्हणतात, सर, नकाशा चुकला. नकाशा चुकलेला नाही. आपण अकरा ठिपके सरळ जोडले, आणि पाय गावागावांतून वळत जातात. भरूच ते सुरत या टप्प्यात मांगरोळ, उमराछी ही दोनच गावं घातली तरी रेघ पश्चिमेला फुगते आणि दोरा वाढतो. तेवढं मी फळ्यावर करून दाखवतो. १७, २४ आणि ३१ मार्च हे तीन सोमवार चाल नव्हती, तो गांधीजींच्या मौनाचा वार. हे तीन दिवस वजा केले की रोजची सरासरी चाल काढता येते, पण दिवस मोजताना निघण्याचा आणि पोहोचण्याचा असे दोन्ही दिवस धरले का, ते आधी ठरवून सांगा.

शेवटचा प्रश्न पत्रिकेच्या तळाशी, चार ओळींची जागा सोडून: आणंदहून रेघ बडोद्याला का आली नाही? इथे मी एकच उत्तर बरोबर धरत नाही. 'लढा ब्रिटिशांच्या मीठकायद्याशी होता, म्हणून मार्ग बहुतेक ब्रिटिश मुलखातून गेला' असं कुणी लिहिलं तर गुण देतो. 'बोरसदच्या बाजूला वल्लभभाईंचं काम होतं' असं लिहिलं तरी देतो. मात्र उत्तरापुढे 'नकाशावरून दिसतं' की 'माझा अंदाज' यांपैकी एक लिहायलाच लावतो. गेल्या खेपेला एका मुलीने पहिलं उत्तर लिहिलं, पुढे 'माझा अंदाज' लिहिलं आणि खाली बाण काढून विचारलं: मग नवसारी कशी चालली? तिचा कागद मी अजून जपून ठेवलाय.