सांधा, काच आणि बॅटरीवरचा गुणाकार

नकली ॲक्शन कॅमेरा ओळखायचा म्हटलं की बहुतेक जण आधी लोगो बघतात. लोगो हुबेहूब उतरवणं सगळ्यात सोपं असतं, त्यामुळे मी तो बघतच नाही.

मी पहिल्यांदा बॅटरी बाहेर काढतो. लेबलवर तीन आकडे असतात: व्होल्ट, एमएएच आणि वॉट-अवर. एमएएचला हजारने भागा आणि व्होल्टने गुणा, वॉट-अवर यायला हवेत. समजा, लेबलवर ३.८५ व्होल्ट आणि १७२० एमएएच आहे. ३.८५ गुणिले १.७२ म्हणजे ६.६२ वॉट-अवर. तेच छापलेलं असेल तर हिशेब जुळला. आता दुसरी बॅटरी घ्या: ३.७ व्होल्ट, १८०० एमएएच आणि खाली ३.९ वॉट-अवर. गुणाकार येतो ६.६६. मग ३.९ कुठून आले? १०५० एमएएचच्या बॅटरीचे जवळपास तेवढेच होतात. म्हणजे कुणीतरी जुन्या लेबलवरचा मोठा आकडा फुगवला आणि छोटा बदलायचा राहून गेला. छोट्या ड्रोनच्या बॅटरीत बहुधा दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणून व्होल्ट ७.७ च्या आसपास दिसतात; गुणाकार तोच. मात्र दुसऱ्या कंपनीची, स्वतःच्या नावाने विकली जाणारी बॅटरी म्हणजे नकली नव्हे, हे लक्षात असू द्या.

मग लेन्स. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून काचेत बघा. खऱ्या लेन्समध्ये एकामागे एक अनेक काचा असतात आणि त्यांवर कोटिंग असतं, म्हणून लहानमोठी, जांभळट-हिरवट अशी बरीच प्रतिबिंबं दिसतात. नकलीत अनेकदा मोठ्या रुबाबदार रिंगमागे सपाट काच आणि खोल आत मसुराएवढी लेन्स असते. रिंगवर ‘4K’ छापलंय म्हणून आतला सेन्सर तेवढा असतोच असं नाही.

बॉडीच्या सांध्यावरून नख फिरवा. फट सगळीकडे सारखी हवी. नख एका जागी अडकलं, तर साचा ढिला आहे. पण पडून उघडलेला, दुरुस्त केलेला अस्सल कॅमेराही असाच लागतो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. केसशिवाय पाण्यात चालतो असा दावा असेल, तर बॅटरीच्या झाकणाला आतून रबराची कडा आहे का, ते जरूर बघा. ती नसेल तर दावा खोटाच.

खोक्यावर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन बारीक काळी अक्षरं मोठी करा. अस्सल छपाईत ती सलग काळी, कडेला स्वच्छ असतात. खोकं स्कॅन करून छापलं असेल, तर अक्षरंसुद्धा फोटोसारखी रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात. शेवटी खोक्यावरचा सिरीयल नंबर बॉडीवरच्या आणि मेनूतल्या नंबरशी ताडून बघा. तिन्ही जुळले तरी तोच नंबर शंभर नगांवर छापलेला असू शकतो, म्हणून पैसे देण्याआधी कॅमेरा कंपनीच्या ॲपला जोडून बघाच.