सात विजय, की चार?

(इंदूरमध्ये शालेय प्रशिक्षक आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, ही आमच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची मागच्या हंगामाची स्कोअरबुक. दहा सामने, सात जिंकले, तीन हरलो. पालक खूश होते, शेवटच्या सामन्यानंतर कोणीतरी सगळ्यांना जिलेबी वाटली, मीही खाल्ली. त्या रात्री घरी वही उघडून मी फक्त दोन बेरजा केल्या. आम्ही केलेले गुण ५७९, दिलेले गुण ६१०. सात सामने जिंकलेला संघ, आणि बेरजेत ३१ गुणांनी मागे!

मग एकेक पान पाहिलं. जिंकलेले सामने असे : ६१–५९, ५४–५३, ७०–६८, ५८–५५, ६३–६२, ६६–६१, ५७–५५. हरलेले : ४८–६६, ५०–७१, ५२–६०. म्हणजे जिंकलो ते केसभराने, हरलो ते सपाटून.

या बेरजांवरून संघाला किती सामने जिंकायला हवे होते, हे काढण्याची एक जुनी रीत आहे. बेसबॉलचा अभ्यास करणारे बिल जेम्स यांनी १९८० च्या सुमारास ती लोकांसमोर आणली. केलेल्या धावांचा वर्ग घ्या, आणि त्याला केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. जे येईल तो विजयाचा अपेक्षित वाटा. वर्गांची बेरीज दिसते म्हणून तिला पायथागोरसचं नाव पडलं. त्रिकोणाचा इथे काही संबंध नाही.

हिशेब आणखी सोपा करता येतो. केलेले भागिले दिलेले, हे गुणोत्तर काढा, त्याचा घात घ्या, बेसबॉलला दोन म्हणजे वर्ग, आणि त्या संख्येला ‘एक अधिक तीच संख्या’ने भागा. मोबाइल आडवा धरला की कॅल्क्युलेटरवर घाताचं बटण दिसतं, तेवढं पुरे.

एक खरं उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये २०१६ साली टेक्सास रेंजर्स संघाने १६२ पैकी ९५ सामने जिंकले आणि आपल्या गटात पहिला आला. त्यांच्या धावा ७६५, दिलेल्या ७५७. गुणोत्तर १.०१०६, त्याचा वर्ग १.०२१, भागाकार केला की ०.५०५. १६२ ने गुणलं तर ८२ विजय. म्हणजे तेरा विजय जास्तीचे. ते कुठून आले? एका धावेने निकाल लागलेले सामने त्यांनी ३६ जिंकले आणि ११ हरले. ते बाजूला काढा, उरलेल्यांत त्यांचा हिशेब ५९–५६. साधारण संघ. पुढच्या वर्षी ते ७८ जिंकले, ८४ हरले.

चुरशीचे सामने जिंकणं हेही कौशल्यच की, असं तुम्ही म्हणाल. थोडं आहे. शेवटच्या षटकांचा चांगला गोलंदाज असलेला क्रिकेट संघ चुरशीत जरा जास्त जिंकतो, तसंच तिथेही. पण ४७ पैकी ३६ हे दरवर्षी करून दाखवणारा संघ सापडत नाही. एका गुणाचा निकाल चेंडू रिंगवर आदळून आत पडला की बाहेर, यावर ठरतो. वीस गुणांचा तसा ठरत नाही. म्हणून पुढचा अंदाज बांधायला गुणांची बेरीज ही विजयांच्या मोजणीपेक्षा बरी पडते.

आता इथे एक चूक मी स्वतः केली, आणि ती बरेच जण करतात. मी बेसबॉलचा वर्ग, म्हणजे घात दोन, तसाच बास्केटबॉलला लावला. ५७९ भागिले ६१० म्हणजे ०.९४९. त्याचा वर्ग ०.९०, उत्तर ०.४७. दहात पावणेपाच विजय. वाटलं, ठीक आहे, फार वाईट नाही. पण बास्केटबॉलमध्ये दोन हा घात लागूच पडत नाही.

कारण असं. बेसबॉलमध्ये एक संघ सामन्यात चार-पाच धावा करतो, आणि निकालाचा फरकही चार-पाचच्या पट्ट्यात हेलकावतो. धावा जितक्या, तितकाच हेलकावा. अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये संघ शंभराच्या वर गुण करतो, पण फरकाचा हेलकावा बाराच्या आसपासच असतो. तिथे पाच टक्के कमी पडणं म्हणजे पाच गुण, रोज पाच गुणांनी मागे राहणारा संघ फार सामने जिंकणार नाही. बेसबॉलमध्ये पाच टक्के म्हणजे पाव धाव, ती कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून घात खेळाप्रमाणे बदलतो. ढोबळ अंदाज हवा असेल तर सामन्यातले सरासरी गुण भागिले फरकाचं प्रमाण विचलन, म्हणजे फरक किती हेलकावतो त्याचं माप, गुणिले १.६. बेसबॉलला दोनच्या जरा खाली येतो, एनबीएला साधारण चौदा वापरतात.

पण चौदाही आमच्या कामाचा नाही! एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, आपला ४० चा, आणि आमच्या मुली साठाच्या आसपास गुण करतात. आमच्या दहा सामन्यांतल्या फरकाचं विचलन नऊच्या थोडं वर आलं. सरासरी गुण साठ. घात निघाला दहा. ०.९४९ चा दहावा घात ०.५९, त्याला १.५९ ने भागलं की ०.३७. दहात पावणेचार विजय. चौदा घातला तरी सव्वातीन येतात. जिंकलो होतो सात.

दहा सामन्यांत दीड-दोन विजय नुसत्या योगायोगाने इकडेतिकडे होतात, हे खरं. इथे फरक तीनहून जास्त होता, म्हणून मी वही मिटली नाही.

क्रिकेटबद्दल हमखास विचारतात, होळकर स्टेडियमचं गाव आहे आपलं. क्रिकेटला हे सूत्र सरळ लावू नका. दुसऱ्यांदा खेळणारा संघ लक्ष्य गाठलं की थांबतो. त्याने दहा षटकं राखून जिंकलं तरी धावांत फरक दोन-चारचाच दिसतो, म्हणजे सणसणीत विजय केसभराचा वाटतो. तिथे षटकांचा हिशेब धरावा लागतो, म्हणून नेट रनरेट.

बास्केटबॉलमध्ये घड्याळ शेवटपर्यंत चालतं, तरी बेरीज फसवू शकते. सामना हातातून गेला की प्रशिक्षक राखीव मुली उतरवतात आणि फरक फुगतो. आमच्या ३१ गुणांच्या तुटीत दोनच सामने ३९ गुणांचे आहेत, १८ चा आणि २१ चा. ते वगळले तर उरलेल्या आठांत आम्ही ४८१–४७३, म्हणजे आठ गुणांनी पुढे. मग खरा संघ कोणता?

हे सूत्र सांगत नाही. ते वहीच सांगते. मी त्या दोन सामन्यांची फाउलचे रकाने पाहिली. दोन्हीकडे आमच्या पॉइंट गार्डला पहिल्या हाफमध्येच तिसरा फाउल लागला होता. पाच झाले की बाहेर, म्हणून मीच तिला बेंचवर बसवलं होतं. ती बसली तेव्हा पहिल्या सामन्यात आम्ही चार गुणांनी मागे होतो, दुसऱ्यात दोन. राखीव मुली नंतर आल्या. फरक त्याआधीच पंधराच्या वर गेला होता. म्हणजे ते गुण फुगलेले नव्हते. चेंडू पुढे नेणारी दुसरी मुलगीच आमच्याकडे नव्हती, आणि बाकीच्या सामन्यांत पॉइंट गार्डला इतके फाउल लागले नाहीत म्हणून आम्ही निभावलो.

तेव्हा ते दोन सामने मी हिशेबातून वगळले नाहीत. जूनपासून रोज सकाळी रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर आठवीतली एक मुलगी डाव्या हाताने ड्रिबल शिकते आहे. पहिले पंधरा दिवस चेंडू तिच्या पायावर आपटत होता. आता ती दबावाखाली हाफ लाइन ओलांडते, दहातून सहा वेळा.