तीच पेटी, तोच व्हिडिओ

श्रोतेहो, नमस्कार.

रत्नागिरीचे एक बागायतदार डोळ्यांसमोर आणा. एप्रिलमध्ये ते पुण्यात हापूसच्या पेट्या घरपोच पाठवतात आणि त्यासाठी इन्स्टाग्रामवर वीस सेकंदांच्या व्हिडिओची जाहिरात चालवतात. खर्च आठवड्याला 9,000 रुपये. हिशेब तोंडी करता यावा म्हणून आकडे मी सोपे धरले आहेत.

पहिल्या आठवड्यात व्हिडिओ 60,000 वेळा दिसला, 40,000 माणसांना. म्हणजे एका माणसाला सरासरी दीड वेळा. यालाच फ्रिक्वेन्सी म्हणतात. क्लिक आले 900, म्हणजे शंभरामागे दीड. दुसऱ्या आठवड्यात व्हिडिओ तेवढ्याच वेळा दिसला, पण माणसं 30,000. फ्रिक्वेन्सी दोन, क्लिक 780. तिसऱ्या आठवड्यात माणसं 20,000 वर आली, फ्रिक्वेन्सी तीन झाली आणि क्लिक उरले 420. पहिल्यांदा दहा रुपयांना पडणारा क्लिक आता एकवीस रुपयांच्या पुढे गेला. पैसे तेवढेच, पण तीच माणसं तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघून पुढे सरकवताहेत. हाच जाहिरातीचा थकवा.

इथे एक चूक फार जण करतात. ते जाहिरात सुरू झाल्यापासूनची एकत्र फ्रिक्वेन्सी बघतात. ती दिवसागणिक वाढतच जाते, त्यावरून काही कळत नाही. दर वेळी सात दिवसांचाच तुकडा घ्या आणि त्याची तुलना स्वतःच्याच पहिल्या आठवड्याशी करा. 'तीन झाली की बदला' असा सरसकट नियम मी मानत नाही. आपल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या छोट्या यादीला जाहिरात दाखवत असाल, तर तिथे आकडा मोठाच असणार.

क्लिक घटले, पण फ्रिक्वेन्सी जागच्या जागी असेल, तर व्हिडिओला दोष देऊ नका. बाजारात आंबा स्वस्त झाला असेल आणि तुमचा भाव जुनाच असेल. क्लिकचं प्रमाण टिकून आहे आणि क्लिकमागचा खर्च तेवढा वाढलाय, तर जाहिरातीची जागाच महागली असेल. सणासुदीला असं होतं. फ्रिक्वेन्सी वर आणि क्लिकचं प्रमाण खाली, असे दोन्ही आकडे उलट दिशांना निघाले, तरच थकव्याचा संशय घ्या.

मग बदलायचं कधी? आमच्या बागायतदारांना मी दुसऱ्या आठवड्यातच सावध केलं असतं. क्लिकचं प्रमाण दीडवरून एक पूर्णांक तीनवर आलंय, जाहिरात अजून चालतेय, पण नवं चित्रीकरण करायला दिवस लागतात. घसरण एक तृतीयांशावर गेली, की नवा व्हिडिओ हाताशी हवा. पहिली तीन सेकंदं किती जण बघतात तेही तपासा. तिथेच गळती असेल, तर सुरुवात बदलणं पुरे: बागेच्या दृश्याऐवजी पहिल्याच क्षणी सुरीखाली कापला जाणारा आंबा. बघणारे टिकलेत आणि क्लिक मात्र नाही, तर शेवटी सांगितलेला भाव आणि पेटीचं माप बदलून बघा.

चालू जाहिरातीत फेरफार करू नका, नवी वेगळी लावा. मोठा बदल केला की जाहिरात कुणाला दाखवायची हे इन्स्टाग्रामची यंत्रणा पुन्हा शिकायला बसते. नवीची चाल दिसेपर्यंत जुनी थोड्या पैशांवर राहू द्या. आणि ती थांबवलीत तरी पुसून टाकू नका. मे महिन्यात ठाण्याला पेट्या पाठवायच्या असतील, तर तिथल्या लोकांनी तो व्हिडिओ अजून पाहिलेलाच नाही.