टीडीएस रिटर्नमध्ये पार्टीचा पॅन चुकला? २६क्यू असं दुरुस्त करा

नमस्कार. एक उदाहरण घेऊ. एका छोट्या फर्मनं रंगकाम करणाऱ्या ठेकेदाराचं ८०,००० रुपयांचं बिल चुकतं केलं, कलम १९४सी प्रमाणे १ टक्का म्हणजे ८०० रुपये कापले, वेळेत भरले आणि आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या तिसऱ्या तिमाहीचं २६क्यू भरलं. काही दिवसांनी नोटीस आली, १५,२०० रुपये कमी कापले म्हणून, आणि त्यावर व्याज वेगळं.

हा आकडा आला कुठून? पॅनमधले दोन अंक उलटसुलट पडले होते, ४५७१ च्या जागी ४५१७. असा पॅन खात्याच्या नोंदीत नाही. पॅनच नाही म्हटल्यावर कलम २०६एए लागतं आणि दर होतो २० टक्के. ८०,००० चे २० टक्के १६,०००, त्यातून भरलेले ८०० वजा केले की उरतात १५,२००.

मग रिटर्न भरताना एरर का आला नाही? कारण रिटर्नची फाइल तपासणारं एफव्हीयू हे सॉफ्टवेअर फक्त पॅनचा साचा तपासतं: आधी पाच अक्षरं, मग चार अंक, शेवटी एक अक्षर. शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडला तर ते लगेच अडवेल. पण अंकांची अदलाबदल झाली तर साचा बरोबरच राहतो. तो पॅन खरंच अस्तित्वात आहे का, हे तिथे तपासलंच जात नाही.

म्हणून दुरुस्तीला हात लावण्याआधी ठेकेदाराकडून पॅन कार्डाची प्रत मागवा. फोनवर ऐकून लिहू नका, चूक बहुतेक तिथेच झालेली असते. मग ट्रेसेस या खात्याच्या टीडीएस पोर्टलवर फर्मच्या टॅननं लॉगिन करून पॅन व्हेरिफिकेशनमध्ये नंबर टाका आणि समोर येणारं नाव बिलावरच्या नावाशी ताडून पाहा.

आता `Defaults` मेन्यूत `Request for Correction` उघडा. वर्ष, तिमाही, फॉर्म आणि शेवटच्या स्वीकारलेल्या रिटर्नचा टोकन नंबर भरून `Online` निवडा. रिक्वेस्ट नंबर मिळेल. `Track Correction Request` मध्ये स्टेटस `Available` झालं की त्यावर क्लिक करा.

इथे केवायसी येतं आणि बरेच जण इथेच अडकतात. त्या तिमाहीतलं एक चलन घ्यायचं आणि त्याच चलनाखाली दाखवलेले जास्तीत जास्त तीन पॅन आणि त्यांची टीडीएस रक्कम भरायची. चुकलेला पॅन इथे चालत नाही. दुसऱ्या चलनाखालची पार्टी घेतली तरी चालत नाही. त्यामुळे ज्या चलनाखाली बरोबर पॅनवाल्या पार्ट्या आहेत तेच चलन निवडा, आणि आकडे भरलेल्या रिटर्नमधून जसेच्या तसे घ्या. टॅलीतला आकडा नंतर बदललेला असू शकतो.

पुढे पॅन करेक्शन निवडा, चुकीचा पॅन असलेली ओळ शोधा, नवा पॅन टाका, सेव्ह करा आणि सबमिट करा. फर्मचे सब-युझर असतील तर अ‍ॅडमिन लॉगिनमधून दुरुस्ती पुढे पाठवावी लागते. नवा टोकन नंबर आला की दुरुस्ती दाखल झाली, मात्र डिमांड खाली येते ती प्रोसेसिंग झाल्यावर. तोपर्यंत १५,२०० रुपये भरू नका, कारण कापलेली रक्कम मुळात बरोबरच होती.

दुसरा प्रकार मला जास्त काळजीचा वाटतो. पॅन खरा आहे, पण दुसऱ्याच माणसाचा. इथे नोटीस येतच नाही. ८०० रुपये भलत्याच्या २६एएसमध्ये जमा होतात आणि तुमचा ठेकेदार स्वतःचं रिटर्न भरताना विचारतो, माझा टीडीएस कुठे गेला? एक वैध पॅन बदलून दुसरा वैध पॅन टाकायला डिजिटल सही लागते आणि त्या ओळीवर असा बदल एकदाच करता येतो. दुसऱ्यांदा चुकलात तर वाट बंद, म्हणून नाव ताडल्याशिवाय सबमिट करू नका.

पॅनचं चौथं अक्षरही बघा. P म्हणजे व्यक्ती, H म्हणजे एकत्र कुटुंब, F म्हणजे फर्म, C म्हणजे कंपनी. ठेकेदारानं आधी स्वतःचा पॅन दिला होता आणि बिल मात्र त्याच्या भागीदारी फर्मचं निघालं, तर चौथं अक्षर P चं F होतं. १९४सी खाली फर्मला दर २ टक्के आहे. पॅन दुरुस्त होताच ८०० रुपयांची नवी, आणि या वेळी खरी, कमतरता दिसेल. ती व्याजासह भरावीच लागेल.

दुरुस्ती प्रोसेस झाल्यावर त्या पॅनसाठी फॉर्म १६ए ची रिक्वेस्ट नव्यानं टाका. चुकीच्या पॅनवर त्याला प्रमाणपत्र मिळालेलंच नसेल. ते डाउनलोड करून ठेकेदाराला पाठवा आणि त्याच्या २६एएसमध्ये ८०० रुपये दिसतात का, ते त्याच्याकडूनच तपासून घ्या.